बोनसचा एक लाख दरवर्षी मुद्दलात: 20 वर्षांचं गृहकर्ज 13 वर्षांत कसं संपतं

गृहकर्जाचं पहिलं वर्ष संपलं की स्टेटमेंट उघडून फक्त एक बेरीज करायची: वर्षभरात मुद्दल किती फिटलं? कर्ज 40 लाखांचं, व्याजदर 8.5 टक्के आणि मुदत 20 वर्षं असेल तर हप्ता 34,713 रुपये येतो. बारा हप्त्यांचे मिळून 4,16,556 रुपये खात्यातून जातात. त्यातले 3,36,946 रुपये व्याजाचे असतात, आणि मुद्दल कमी झालेलं असतं फक्त 79,610 रुपयांनी. पहिल्याच हप्त्यात 28,333 रुपये व्याज आणि 6,380 रुपये मुद्दल अशी वाटणी असते, म्हणून वर्षाची बेरीजही तशीच निघते.

या जागी बोनसचा एक लाख भरला की एका दिवसात मुद्दल जितकं खाली येतं, तितकं अख्ख्या वर्षाच्या हप्त्यांनी आलेलं नसतं. बोनस गृहकर्जात घालण्याचं सगळं गणित एवढ्यावर उभं आहे. पुढचा हिशोब याच कर्जाचा आहे. हप्ता शेवटपर्यंत तोच ठेवला आहे, आणि व्याजदर तेवढा समजायला सोपं जावं म्हणून स्थिर धरला आहे. प्रत्यक्षात तो हलतो, त्याबद्दल पुढे येईलच.

आधी बोनसचा आकडा नीट धरायला हवा. पत्रावर लिहिलेला बोनस आणि हातात येणारा बोनस यांत मोठी तफावत असते. 30 टक्क्यांच्या टप्प्यात असणाऱ्याला सेससकट 31.2 टक्के कर जातो, म्हणजे एक लाख हातात यायला कागदावर सुमारे 1 लाख 45 हजार लागतात. शिवाय बऱ्याच कंपन्या बोनसवरचा सगळा कर त्याच महिन्याच्या पगारातून कापतात. तेव्हा मार्च-एप्रिलचा परफॉर्मन्स बोनस असो की दिवाळीचा, आकडा ठरवायचा तो पगाराची स्लिप हातात आल्यावर. क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा पर्सनल लोन डोक्यावर असेल तर पहिला मान त्यांचा, कारण त्यांचं व्याज गृहकर्जापेक्षा कितीतरी जास्त असतं. सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते निघतील इतकी रक्कम बाजूला नसेल तर तीही आधी उभी करावी. कर्जात घातलेला पैसा गरज पडली म्हणून परत काढता येत नाही. टॉप-अप लोन मागावं लागतं, आणि ते नव्याने मंजूर व्हावं लागतं.

आता पहिल्या वर्षाच्या शेवटी भरलेला एक लाख काय करतो ते पाहू. भरण्याआधी शिल्लक मुद्दल 39,20,390 रुपये आणि उरलेले हप्ते 228. भरल्यावर मुद्दल 38,20,390 रुपये. हप्ता तोच ठेवला तर 214 पूर्ण हप्ते आणि शेवटचा सव्वाआठ हजारांचा एक छोटा हप्ता, एवढ्यात कर्ज संपतं. जवळजवळ 14 हप्ते गळाले. त्यांची रक्कम सुमारे 4 लाख 78 हजार होते. त्यातला आपण भरलेला लाख वजा केला तर एकट्या या भरण्याने वाचलेलं व्याज सुमारे 3 लाख 78 हजार.

हा हिशोब स्वतःच्या कर्जासाठी करायचा तर एक्सेलमध्ये एकच ओळ पुरते. व्याजदर, हप्ता आणि भरणा केल्यानंतरचं शिल्लक मुद्दल घातलं की उरलेल्या हप्त्यांची संख्या येते:

```
=NPER(8.5%/12,-34713,3820390)
```

उत्तर 214.24. मुद्दलाच्या जागी 3920390 घातलं की 228 येतं. दोन्हींतला फरक म्हणजे आपली कमाई.

हाच एक लाख पंधराव्या वर्षाच्या शेवटी, पाच वर्षं उरली असताना पहिल्यांदाच भरला तर काय होतं? साडेचारपेक्षाही कमी महिने वाचतात आणि व्याज वाचतं सुमारे 51 हजार. यावरून काही जण म्हणतात की उशिरा भरण्यात अर्थ नाही. ते बरोबर नाही. दोन्ही वेळा त्या लाखावर मिळणारा परतावा 8.5 टक्केच आहे; पहिल्या खेपेला तो 19 वर्षं मिळतो, दुसऱ्या खेपेला जेमतेम पाच. सुरुवातीच्या वर्षांचा बोनस म्हणून मोलाचा, पण नंतरचा वाया जात नाही.

दरवर्षी, बाराव्या हप्त्यानंतर लगेच एक लाख भरत गेलं तर मुद्दल असं उतरतं. पाच वर्षांनी ते 29 लाख 29 हजारांवर येतं, दहा वर्षांनी 12 लाख 92 हजारांवर आणि बारा वर्षांनी 4 लाख 17 हजारांवर. तेराव्या वर्षाचे बारा हप्ते गेले की उरतात फक्त 20,790 रुपये. तेराव्या बोनसमधून तेवढे भरायचे आणि खातं बंद करायचं. म्हणजे 156 हप्ते, बारा वेळा एक लाख आणि ही किरकोळ रक्कम. एकूण व्याज जातं 26 लाख 36 हजार. काहीच न करता 20 वर्षं हप्ते भरले असते तर 43 लाख 31 हजार गेलं असतं. बचत सुमारे 16 लाख 95 हजार, आणि सात वर्षं हप्त्याविना. (ही सात वर्षंच मला जास्त महत्त्वाची वाटतात. चाळिशीत कर्ज घेणाऱ्याला साठी आणि त्रेपन्न यांतला फरक वेगळा सांगावा लागत नाही.)

एखाद्या वर्षी बोनस आलाच नाही तर? नोकरी बदलली, कंपनीचं वर्ष वाईट गेलं, घरात लग्न निघालं, असं होतंच. चौथ्या वर्षाचा लाख चुकला आणि बाकीचे वेळेवर भरले तर कर्ज 13 वर्षांऐवजी 13 वर्षं 4 महिन्यांत संपतं. पहिल्याच वर्षाचा चुकला तर 13 वर्षं 6 महिने लागतात. तेव्हा एक खाडा पडला म्हणून बेत मोडत नाही, आणि खाडा भरून काढायला उसने पैसे घेण्याची तर मुळीच गरज नाही.

भरण्याची प्रत्यक्ष कृती पाच मिनिटांची आहे, पण चुका तिथेच होतात. बँकेच्या नेटबँकिंगमध्ये कर्जखात्यासमोर `Part Payment` किंवा `Part Prepayment` असा पर्याय असतो. तिथूनच भरावं. कर्जखात्याचा नंबर टाकून नुसते एनईएफटीने पैसे पाठवले तर काही ठिकाणी ते मुद्दलात न जाता पुढच्या हप्त्यांची आगाऊ रक्कम म्हणून पडून राहतात. पैसे खात्यात दिसतात, पण त्यांनी व्याज कमी होईलच असं नाही. ऑनलाइन पर्याय नसेल तर शाखेत स्वतःच्या खात्याचा चेक आणि सोबत दोन ओळींचं पत्र द्यावं, आणि पत्राच्या प्रतीवर पोहोच घ्यावी. ईमेल केला तरी चालतो, फक्त मजकूर नेमका हवा: "गृहकर्ज खाते क्रमांक अमुक यात रु. 1,00,000 मुद्दलाचा अंशतः भरणा म्हणून जमा करत आहे. ही रक्कम आगाऊ हप्ता म्हणून धरू नये. मासिक हप्ता आहे तोच ठेवून मुदत कमी करावी आणि सुधारित परतफेड तक्ता द्यावा."

यातलं "हप्ता आहे तोच ठेवून मुदत कमी करावी" हे वाक्य कधीही गाळू नये. काही ठिकाणी पैसे भरल्यावर मुदत तीच ठेवून हप्ता कमी केला जातो. आपल्या उदाहरणात पहिल्या लाखानंतर असा कमी झालेला हप्ता 33,828 रुपये होतो, म्हणजे महिन्याला 885 रुपयांची सूट. ऐकायला बरं वाटतं. पण उरलेले 228 हप्ते तसेच राहतात आणि त्या लाखामुळे वाचणारं व्याज 3 लाख 78 हजारांवरून सुमारे 1 लाख 2 हजारांवर येतं. ते 885 रुपये दर महिन्याला आपल्या खिशात राहतात हे खरं, पण ते बहुतेक घरांत किराण्यात विरघळतात. नोकरीची खात्री नसेल, किंवा दोघांपैकी एकाचा पगार थांबणार असेल, तर मात्र हप्ता कमी करून घेणं शहाणपणाचं आहे. तेव्हा कर्ज किती लवकर संपतं यापेक्षा दरमहा किती भरावं लागतं हे महत्त्वाचं असतं.

तारखेचंही थोडं पाहावं. हप्त्याची रक्कम नॅचने, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापण्याच्या व्यवस्थेने, कापण्यासाठीची मागणी काही दिवस आधीच पाठवलेली असते, त्यामुळे हप्त्याच्या तारखेला दोन-तीन दिवस उरले असताना भरणा केला की हिशोब उलटसुलट होतो. हप्ता कापला गेला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरणं सगळ्यात सोयीचं. व्याज रोजच्या शिल्लकेवर मोजणाऱ्या बँकेत ज्या दिवशी भरलं त्या दिवसापासून फायदा सुरू होतो. महिन्याच्या शिल्लकेवर मोजणाऱ्या संस्थेत तो पुढच्या महिन्यापासून मिळू शकतो, म्हणून तिथे महिन्याच्या कोणत्या तारखेआधी भरायचं ते विचारून घ्यावं. चुकलं तरी नुकसान फार नाही, लाखावर महिन्याचं व्याज 708 रुपये. बोनस सहा महिने बचत खात्यात लोळत ठेवला तर मात्र तीच रक्कम चार हजारांच्या पुढे जाते.

भरणा मुद्दलातच गेला का, हे पुढच्या हप्त्याच्या ओळीवरून कळतं. तेराव्या हप्त्यात, काही न भरता, व्याज 27,769 आणि मुद्दल 6,944 अशी वाटणी झाली असती. एक लाख मुद्दलात गेला असेल तर व्याज 27,061 आणि मुद्दल 7,652 दिसायला हवं. व्याज दिवसांवर मोजत असतील तर 30 आणि 31 दिवसांच्या महिन्यांमुळे आकडे थोडे हलतील, पण व्याजात सातशेच्या आसपास घट दिसलीच पाहिजे. ती दिसत नसेल, किंवा पुढचा हप्ता कापलाच गेला नाही, तर रक्कम आगाऊ हप्ता म्हणून धरली गेली असं समजावं आणि त्याच आठवड्यात लेखी दुरुस्ती मागावी. हप्ताच कमी झालेला दिसला तर मुदतीऐवजी हप्ता बदलला आहे. दोन्ही चुका लगेच सुधारता येतात. वर्षाने लक्षात आल्या तर मधल्या व्याजाचा तिढा सोडवायला बराच पत्रव्यवहार करावा लागतो.

शुल्काची भीती बहुतेकांच्या मनात असते, ती काढून टाकावी. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी भरणा केल्याबद्दल दंड घेण्याला बँकांना 2012 पासूनच मनाई आहे. 1 जानेवारी 2026 पासून मंजूर किंवा नूतनीकरण होणाऱ्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने हेच आणखी स्पष्ट केलं: पैसे कुठून आणले हे पाहायचं नाही, आणि अमुक महिने झाल्याशिवाय भरता येणार नाही अशी अटही घालायची नाही. व्याजदर ठरावीक वर्षांसाठी स्थिर असेल तर मात्र करारपत्र वाचावं, तिथे शुल्क असू शकतं. एका वेळी किमान किती भरावं लागेल याची अट काही संस्था ठेवतात, तीही आधी विचारून घ्यावी. पंचवीस हजारांचा दिवाळी बोनस त्या अटीत बसला नाही तर मार्चच्या बोनसबरोबर एकत्र भरता येतो.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो व्याजदर बदलल्यावर. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर 4 टक्क्यांवरून 6.5 टक्क्यांवर गेला, आणि बऱ्याच कर्जदारांना पैसे भरूनही मुदत वाढलेलीच दिसली. कारण दर वाढला की हप्ता तोच ठेवून मुदत लांबवण्याकडे कल असतो. आपल्याच कर्जात पहिल्या वर्षाच्या शेवटी दर 8.5 वरून 9.5 झाला असं धरा. काहीच भरलं नाही तर उरलेले 228 हप्ते 285 होतात. एक लाख भरला तर 260. भरणाऱ्याला वाटतं पैसे बुडाले, कारण हप्ते 228 वरून 260 झालेले दिसतात. प्रत्यक्षात त्याच्या लाखाने 25 हप्ते वाचवले आहेत, स्थिर दरात वाचले असते त्याहून जास्त. म्हणून तुलना नेहमी त्याच दिवशीच्या दराने करायची, जुन्या तक्त्याशी नाही. `NPER` मध्ये नवा दर घालून एकदा भरण्याआधीच्या आणि एकदा भरण्यानंतरच्या मुद्दलाचं उत्तर काढलं की खरी बचत समोर येते.

दर वाढतो तेव्हा हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे निवडण्याची संधी कर्जदाराला द्यावी असं रिझर्व्ह बँकेने 18 ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकात सांगितलं आहे. तिमाही स्टेटमेंटमध्ये आतापर्यंत फिटलेलं मुद्दल आणि व्याज, हप्ता, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर दाखवणंही त्यातच आहे. पगारवाढ झाली असेल तर हप्ता वाढवून मागावा, म्हणजे बोनसचं काम दरवाढ गिळून टाकत नाही. दर उतरला की उलट वागायचं: बँक हप्ता कमी करून देत असेल तरी जुना हप्ता चालू ठेवायला सांगायचं. आणि वर्षातून एकदा, बोनस भरण्याच्या सुमारास, त्याच बँकेत नव्या कर्जदाराला काय दर मिळतो ते पाहायचं. आपला दर बराच वर असेल तर थोडं शुल्क भरून तो खाली आणून घेता येतो.

करसवलत जाते म्हणून भरणा करू नये, असा सल्ला सर्रास मिळतो. नवी करप्रणाली घेतलेल्यांना स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर वजावट मुळातच नाही, तेव्हा त्यांचा प्रश्नच मिटला. त्यांना बोनसवर मिळणारा परतावा म्हणजे पूर्ण 8.5 टक्के, तोही करमुक्त. 7 टक्क्यांच्या मुदत ठेवीतून 31.2 टक्के कर गेल्यावर 4.8 टक्के उरतात. जुन्या प्रणालीत व्याजाची वजावट वर्षाला 2 लाखांपर्यंतच आहे. आपल्या कर्जात पहिल्या वर्षाचं व्याज 3 लाख 37 हजार आहे, म्हणजे वरच्या 1 लाख 37 हजारांवर तसाही काही लाभ नाही. भरणा करत गेल्यावर वर्षाचं व्याज 2 लाखांच्या खाली येतं ते आठव्या वर्षी. तोपर्यंत करसवलतीचा एक रुपयाही जात नाही. आठव्या वर्षानंतर जुन्या प्रणालीत आणि 30 टक्क्यांच्या टप्प्यात असणाऱ्याला भरण्याचा खरा परतावा 5.85 टक्क्यांच्या आसपास उतरतो. तिथून पुढे बोनस कर्जात घालायचा की दुसरीकडे, हा विचार नव्याने करण्यासारखा आहे.

जुन्या प्रणालीतच, बोनसमधून भरलेलं मुद्दल 80सीच्या दीड लाखांत धरता येतं. पण पीएफ आणि नेहमीचं मुद्दल मिळूनच ती मर्यादा बहुतेकांची भरलेली असते. जागा उरली असेल तर 31 मार्चच्या आत भरावं आणि कंपनीला वर्षअखेरचं अंतिम प्रमाणपत्र द्यावं. वर्षाच्या सुरुवातीला मिळणाऱ्या तात्पुरत्या प्रमाणपत्रात हा भरणा नसतो.

शेवटच्या वर्षी थोडी वेगळी काळजी लागते. तेराव्या वर्षी उरलेले 20,790 रुपये अंदाजाने भरायचे नाहीत. बँकेकडून खातं बंद करण्याच्या रकमेचं पत्र घ्यायचं, त्यात त्या तारखेपर्यंतचं व्याज धरलेलं असतं, आणि त्या पत्राच्या मुदतीतच पैसे भरायचे. शंभर-दोनशे रुपये राहून गेले तरी खातं उघडं राहतं. भरल्यावर नॅचचा आदेश रद्द करून घ्यावा. मूळ कागदपत्रं 30 दिवसांत परत देणं बँकेवर बंधनकारक आहे. उशीर तिच्यामुळे झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते. कागद ताब्यात घेताना कर्ज घेतेवेळी मिळालेली कागदपत्रांची यादी जवळ ठेवून एकेक कागद ताडून पाहावा, विशेषतः नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स दोन आणि आधीच्या मालकांचे करार. बेबाकी दाखला सोसायटीला देऊन तिच्या दप्तरातला बोजा काढायला सांगावं, आणि जमिनीवर बोजा चढवला असेल तर सातबाऱ्यातल्या इतर हक्कांतली नोंद कमी करण्यासाठी तलाठ्याकडे अर्ज द्यावा. सेरसाई या गहाण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीतून कर्जाचा बोजा बँकेने उतरवला का, याची खात्री महिन्याभराने करावी. क्रेडिट रिपोर्टमध्येही तोवर खातं बंद दिसायला लागतं.